पाय हलला, पण हलवला कोणी?

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कधी कधी रुग्णाला खाटेच्या कडेला बसवतात, पाय खाली लोंबते सोडायला सांगतात आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने हलकेच ठोका देतात. पाय आपोआप पुढे उडतो. पुष्कळांना वाटते, डॉक्टर हाड तपासत आहेत. हाडाचा इथे काही संबंध नाही. तपासला जातो तो पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि त्याला जोडलेल्या नसा.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून खाली उतरणारा, करंगळीएवढा जाड, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा मऊ दोर. मणक्यांच्या पोकळीत तो सुरक्षित असतो. मेंदूचे हुकूम खाली नेणारी आणि अंगाच्या बातम्या वर पोचवणारी ती तार आहे, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण ती नुसती तार नाही. काही निर्णय ती स्वतःच घेते.

ठोका बसतो तिथे एक जाड पट्टा असतो. त्याला बोट लावून पाहा, वाटी आणि नडगीच्या मध्ये तो हाताला लागतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू या पट्ट्याने नडगीला बांधलेला आहे. पट्ट्यावर ठोका पडला की वरचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत ताण ओळखणारे बारीक तंतू असतात. ते लगेच नसेतून बातमी पाठवतात. ती मागच्या बाजूने मज्जारज्जूत शिरते, कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या नसांच्या भागात. तिथे बातमी आणणारी पेशी थेट हुकूम देणाऱ्या पेशीला भेटते. मध्ये कोणी नाही, दोघींमध्ये एकच सांधा. हुकूम पुढच्या बाजूने बाहेर पडतो, त्याच स्नायूकडे परत येतो, स्नायू आखडतो आणि पाय उडतो. त्याच वेळी मज्जारज्जू मांडीच्या मागच्या स्नायूला ढिला राहायला सांगतो, नाहीतर दोन्हीकडून ओढाताण झाली असती.

स्नायू आखडायला सुरुवात होते ती सेकंदाच्या साधारण तिसाव्या-चाळीसाव्या भागात. बातमी मेंदूपर्यंत जाऊन तिथून विचारपूर्वक हुकूम यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मेंदूलाही ठोका कळतो, पण नंतर. म्हणूनच आपला पाय उडालेला पाहून माणूस स्वतःच हसतो. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी हा झटका वेगवेगळा नोंदवला, तेव्हा वेस्टफाल म्हणत होते की स्नायू ठोक्याने नुसताच दचकतो. एर्ब यांचे म्हणणे होते की बातमी मज्जारज्जूत जाऊन येते. पुढे एर्बच बरोबर ठरले.

मेंदू यात अजिबात नाही असे मात्र समजू नका. झटका त्याच्या हुकुमाने होत नाही, पण तो किती जोराचा व्हावा यावर मेंदूचा लगाम असतो. काही निरोगी माणसांचा पाय ठोक्याने फारसा उडत नाही. मग डॉक्टर दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगतात. त्याने मज्जारज्जूतल्या पेशी अधिक तयार होतात आणि लपलेला झटका दिसतो. तेव्हा घरी एकमेकांच्या गुडघ्यावर ठोके मारून पाय कमी उडाला म्हणून घाबरू नका.

हा लगाम तुटला की काय होते, ते वस्त्यांमधल्या घरांनी समजून घ्यायला हवे. कारण परांचीवरून पडणारा गवंडी, गोणीखाली दबणारा हमाल आपल्याच घरातला असतो. समजा, तिशीतला एक गवंडी दुसऱ्या मजल्यावरून पडला आणि छातीच्या मागचा आठवा मणका मोडून मज्जारज्जू तिथे पूर्ण चिरडला. पहिले काही दिवस त्याचे पाय ओल्या कापडासारखे लुळे. हातोडीने ठोका दिला तरी काही नाही. गुडघ्याचा झटका देणारा भाग तर जखमेच्या खूप खाली, शाबूत आहे. मग झटका का नाही? वरून येणारा आधार एकाएकी बंद झाल्याने खालचा मज्जारज्जू जणू सुन्न होतो. याला मज्जारज्जूचा धक्का म्हणतात.

काही आठवड्यांनी तो सुन्नपणा ओसरतो. आता ठोका दिला की पाय जोरात उडतो, कारण वरचा लगाम राहिलेला नाही. चादर बदलताना, पायाला गार पाणी लागताना पाय एकदम पोटाकडे ओढला जातो. घरात आनंदीआनंद होतो. आई म्हणते, पोरगा चालणार. कोणी अंगारा लावलेला असतो, तर भगताला श्रेय जाते. मग कोणी म्हणतो, पाय हलतो तर उठत का नाही, नाटक करतो. दोन्ही चूक. पाय मज्जारज्जूने हलवला आहे, त्याने नव्हे. त्याला तो हलल्याचे डोळ्यांनी दिसते तेव्हाच कळते.

फरक ओळखायची पद्धत सोपी आहे. अंगाला हात न लावता, पांघरूण न हलवता सांगा, उजव्या पायाचा अंगठा हलव. तीन-चार वेळा, थांबून थांबून. सांगितल्यावर दर वेळी तोच अंगठा हलला, तर मेंदूचा हुकूम पोचतो आहे. मग त्याला डोळे मिटायला सांगा आणि एकेका बोटाला कापसाने स्पर्श करून विचारा, कुठे लागले? कधी स्पर्श न करताही विचारा. तो बरोबर ओळखत असेल, तर बातमी वर जाते आहे. यातले थोडे जरी दिसले, तर मज्जारज्जूचे काही धागे वाचले आहेत. ते लगेच डॉक्टरांना सांगा, कारण पुढच्या व्यायामाची दिशा त्यावर ठरते. नुसत्या स्पर्शाने पाय उडणे याला असा पुरावा धरू नका.

पण या झटक्यांचा एक मोठा उपयोग आहे, आणि तो रोज सेवा करणाऱ्या बाईला कळायला हवा. खालच्या अंगाचे दुखणे त्या माणसाला जाणवत नाही, मज्जारज्जूला मात्र जाणवते. नेहमी थोडे होणारे झटके एखाद्या आठवड्यात अचानक वाढले, तर खाली काहीतरी बिघडले आहे असे समजून शोधा. लघवीची नळी दुमडली किंवा तुंबली आहे का? लघवी गढूळ, वासाची आहे का, ताप आहे का? संडास अडली आहे का? माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या बाजूंना कातडी लाल होऊन जखम झाली आहे का? अंगठ्याचे नख मांसात रुतले आहे का? कारण सापडून दूर झाले की झटके बहुधा पुन्हा कमी होतात. झटके कमी करायच्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू असतील, तर पैसे संपले म्हणून एकदम बंद करू नका. त्याने झटके उसळतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतते. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच दवाखान्यात जा.

याच्या उलट स्थितीही लक्षात ठेवा. धडधाकट माणसाच्या पायांत दोन-चार दिवसांत अशक्तपणा येऊन तो वर हातांकडे सरकू लागला आणि तपासताना गुडघ्याचे झटके गेलेले आढळले, तर मज्जारज्जूबाहेरच्या नसांना सूज आल्याची शंका असते. हा आजार छातीच्या स्नायूंपर्यंत जाऊन श्वास थांबवू शकतो. अशा माणसाला पाय चोळत घरी ठेवू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.