पाऊस लागला की कूलरचे पाणी बंद करा

आपल्या गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात ऊन अंगाची लाही करते, पण घामोळ्यांचा खरा त्रास मृग लागल्यानंतर वाढतो. ऊन कमी झाले, कूलर तर रात्रभर सुरूच आहे, मग लेकराच्या मानेवर पुरळ का उठला, असे वस्त्यांमधल्या बाया आम्हाला विचारतात. याचे उत्तर बहुतेक वेळा त्या कूलरमध्येच असते.

घाम कातडीवरून वाळतो तेव्हा अंग थंड होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही. तासन् तास ओली राहिलेली कातडी फुगते आणि घामाच्या बारीक नळ्यांची तोंडे बंद होतात. मग घाम बाहेर न येता आतच झिरपतो, तिथे लाल बारीक पुटकुळ्या येतात, टोचते, खाजते. मान, पाठ, काख, कंबरपट्टा अशा दबलेल्या जागी हे आधी दिसते.

मे महिन्यातली हवा कोरडी असते. कूलरमधले पाणी त्या हवेत उडून जाते आणि खोली थंड होते. पाऊस लागल्यावर हवेतच पाणी भरलेले असते. अशा वेळी दारे-खिडक्या लावून कूलर चालवला तर गारवा येत नाही, फक्त ओल वाढते. अंथरूण ओलसर लागले, अंग चिकट झाले, की समजावे कूलर आता उलटे काम करतो आहे. त्याचा पाण्याचा पंप बंद करावा, टाकीतले पाणी काढून टाकावे म्हणजे डासही होणार नाहीत, समोरासमोरची खिडकी-दार उघडावे आणि नुसता पंखा चालू द्यावा.

आता एक उदाहरण घेऊ. टिनाच्या घरात पाच महिन्यांचे बाळ आहे. अंगात नायलॉनचा झालरीचा फ्रॉक, खाली प्लॅस्टिकचा कागद, सकाळी तेलाने मालीश आणि वरून पावडर. मान आणि पाठ लाल झाली आहे. इथे आधी तेल आणि पावडर थांबवायची. तेल नळ्यांची तोंडे बुजवते, पावडर घामात भिजून लगदा होते आणि बाळाच्या श्वासातही जाते. प्लॅस्टिकवर जुन्या सुती लुगड्याची जाड घडी टाकायची. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंघोळ, साबण एकदाच. अंग घासू नये, मऊ फडक्याने टिपून घ्यावे, मानेच्या वळ्या खास करून. दुपारी टिन तापले की बाळाला छपरीत किंवा कडुनिंबाच्या सावलीत निजवावे, फ्रॉक काढून सुती झबले घालावे. कातडी कोरडी राहिली तर बहुधा थोड्याच दिवसांत पुरळ बसतो. मोठ्या माणसांना खाज फार असेल तर कापसाने कॅलामाइन लोशनचा पातळ हात द्यावा.

कापड ओळखायला दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहू नका. घरी कापड एकदा धुवून वाळवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. सुती कापड तो लगेच पिते, पॉलिस्टरवर बहुधा तो मोत्यासारखा राहतो. खात्री हवी असेल तर काठाचा एक धागा काढून, पाण्याच्या ताटलीवर चिमट्याने धरून जाळा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक काळी गोळी होते. टेरिकॉटमध्ये दोन्ही मिसळलेले असते, म्हणून राखेत कडक खडा हाताला लागतो.

सुताचीही एक मर्यादा आहे. ते घाम पिते, पण स्वतः ओले राहते. रोवणीवरून आल्यावर चिंब साडी-ब्लाऊज तसेच अंगावर ठेवले तर सुती असूनही घामोळ्या उठतात. घरी येताच कोरडे कपडे घाला. ब्लाऊज आणि परकराची नाडी सैल ठेवा. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात विहारात पांढरी वस्त्रे घालून बराच वेळ बसावे लागते. त्यासाठी स्वस्त म्हणून घेतलेली पांढरी साडी बरेचदा पॉलिस्टरची निघते. पातळ सुती साडी घ्या आणि तिला कडक खळ देऊ नका.

प्रत्येक पुरळ घामोळ्यांचा नसतो. बोटांच्या बेचक्यात खाज येऊन ती रात्री वाढत असेल तर खरूज असू शकते. जांघेत गोल, कडेने उठलेला चट्टा गजकर्णाचा असतो. अशा वेळी मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून मलम आणून चोळू नका. त्यातल्या काही मलमांत स्टेरॉइड असते, त्याने खाज दबते पण गजकर्ण पसरते. पुटकुळ्यांत पू झाला, जागा गरम व सुजलेली लागली, ताप आला किंवा थोड्या दिवसांत उतार पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी न्या.