'कमी' म्हणजे फ्यूअर की लेस?

छात्रमित्रांनो, शिबिराहून येणारे तुमचे इंग्रजी अहवाल मी वाचतो. त्यांत एक गोंधळ वारंवार दिसतो. मराठीत आपण 'अंडी कमी आली' म्हणतो आणि 'दूध कमी आले' असेही म्हणतो. 'किती अंडी?' आणि 'किती दूध?' यांतही शब्द एकच. इंग्रजीत मात्र या दोन ठिकाणी दोन शब्द लागतात. हिंदी बोलणाऱ्या मित्रांना 'कितने अंडे' आणि 'कितना दूध' यांतला फरक ठाऊक असतो, पण 'कम' तिथेही एकच आहे.

नियम सोपा आहे. जी वस्तू नगावर मोजतो, तिच्यासाठी 'मेनी' आणि 'फ्यूअर'. जी मापावर घेतो, तिच्यासाठी 'मच' आणि 'लेस'. म्हणून हाउ मेनी एग्ज, फ्यूअर एग्ज. पण हाउ मच मिल्क, लेस मिल्क. ओळखायचे कसे? त्या शब्दाआधी थेट आकडा ठेवून पाहा. 'थ्री टेंट्स' बसते, 'थ्री राइस' बसत नाही.

इथे एक फसवणूक आहे. डोळ्यांना सुटे नग दिसले, तरी इंग्रजी शब्द अगणनीय असू शकतो. इक्विपमेंट, ॲम्युनिशन, लगेज, फर्निचर हे सगळे असेच. त्यांना शेवटी 'एस' लागत नाही, म्हणून 'इक्विपमेंट्स' चूक. फायरिंगच्या अहवालात 'लेस ॲम्युनिशन' लिहा, पण 'फ्यूअर राउंड्स'. गोळ्या त्याच, मात्र राउंड मोजता येतो.

आता एक नमुना घेऊ. समजा, एका छात्राने भांडारप्रमुखांना ई-मेल लिहिला: 'वी गॉट लेस एग्ज अँड फ्यूअर मिल्क. प्लीज सेंड लेस हेवी रोप्स टुमॉरो.'

पहिल्या वाक्यातल्या दोन्ही चुका सारख्या नाहीत. 'लेस एग्ज' बोलताना इंग्रजही म्हणतात. मोजत्या वस्तूंना 'फ्यूअर' बरे, हे रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये लिहिले, तेही स्वतःची पसंती म्हणून. पुढे त्याचाच नियम झाला आणि औपचारिक अहवालात तो पाळला जातो. 'फ्यूअर मिल्क' मात्र बोलतानाही चुकीचेच.

खरा घोटाळा दोरांच्या वाक्यात आहे. 'लेस हेवी रोप्स' म्हणजे वजनाने हलके दोर. छात्राला हवे होते जड दोरच, पण संख्येने कमी, म्हणजे 'फ्यूअर हेवी रोप्स'. समोरासमोर असते, तर भांडारप्रमुखांनी विचारून घेतले असते. ई-मेल वाचून ते हलके दोर गाडीत चढवतील आणि दुसऱ्या दिवशी नदी ओलांडण्याच्या सरावाला जड दोर नसेल.

'मोअर'ने हा प्रश्न सुटत नाही. संख्येला आणि मापाला दोन्हीकडे 'मोअर'च चालतो, त्यामुळे 'मोअर हेवी रोप्स' वाचणारा पुन्हा अडखळेल. म्हणून शब्द बरोबर निवडा आणि शेजारी आकडा लिहा. मागणी २४० अंड्यांची होती आणि २१६ आली, तर '२४ फ्यूअर एग्ज दॅन इंडेंटेड'. दूध ४० लिटर मागितले आणि ३५ आले, तर '५ लिटर्स लेस मिल्क दॅन इंडेंटेड'. दोरांसाठी 'प्लीज सेंड ४ हेवी रोप्स, नॉट ६'.

इथे कोणी विचारेल, लिटर तर मोजता येतात, मग 'फ्यूअर' का नाही? कारण आपण पाच सुटे लिटर मोजत नाही. सगळे दूध मिळून एक माप धरतो. अंतर, वेळ, वजन आणि पैसे यांचेही तसेच. 'लेस दॅन १० किलोमीटर्स', 'लेस दॅन २० मिनिट्स', 'लेस दॅन ५०० रुपीज' हे बरोबर. पण माणसे एकेक मोजतो, म्हणून 'फ्यूअर दॅन ४० कॅडेट्स'.

स्वाध्याय: पुढील वाक्ये अहवालासाठी इंग्रजीत करा.
१. बारा तंबू कमी पडले.
२. आम्ही ५० किलोमीटरपेक्षा कमी चाललो.
३. सामान किती आहे? बॅगा किती आहेत?

उत्तरे:
१. वी हॅड १२ फ्यूअर टेंट्स दॅन वी नीडेड.
२. वी मार्च्ड लेस दॅन ५० किलोमीटर्स.
३. हाउ मच लगेज इज देअर? हाउ मेनी बॅग्ज आर देअर?

तिसऱ्या उत्तरात 'इज' आणि 'आर' यांकडेही पाहा. 'मच'सोबत एकवचनी क्रियापद येते आणि 'मेनी'सोबत अनेकवचनी. 'हाउ मच' लिहून पुढे 'आर' आले, तर ई-मेल पाठवण्याआधी ते वाक्य पुन्हा तपासा.