प्रश्नपेटीतील उत्तरे कोणाची?

दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहउद्योगाच्या इन्स्टाग्राम खात्यावर रोज ज्या स्टोऱ्या लागतात, त्यांवरील प्रश्नपेट्या, पोल आणि क्विझ यांचा मजकूर लिहून देण्याचे काम गतवर्षी माझ्याकडे होते. आणि त्या कामाचा शेवट ज्या आरोपाने झाला तो आरोप माझ्या व्यवसायातील इतर मंडळींच्या कानांवर घालण्याची तसदी मालकांनी घेतली असल्यामुळे, माझी कैफियत मांडणे मला क्रमप्राप्त आहे. माझ्या प्रश्नामुळे एका गिऱ्हाइकाची अब्रू गेली, असे त्यांचे म्हणणे. प्रश्नामुळे ती गेली नाही, हे मी पुढे दाखवून देते.

माझ्यापूर्वी त्यांच्या पेटीवर ‘आमच्या फराळाविषयी आपले बहुमूल्य मत कळवा’ असा मजकूर असे, आणि पेटी रिकामी राही. यात नवल नव्हते. स्टोरीतील छायाचित्र पडद्यावर अवघे काही सेकंद टिकते, वाचणाऱ्याचा अंगठा पुढे सरकण्याच्या तयारीत असतो, आणि अशा वेळी मत बनवून, त्याला शब्दरूप देऊन ते टंकित करण्याची अपेक्षा कोणी करू नये. ज्याचे उत्तर वाचणाऱ्याच्या मनात आधीपासूनच तयार आहे, आणि ते सांगण्यात त्याला थोडा अभिमान किंवा थोडी चडफड वाटते, असाच प्रश्न तेथे चालतो. म्हणून मी चकली घेतली. पहिल्या स्टोरीवर पोल होता: ‘तुमच्या घरी चकली कशाची?’ आणि पर्याय दोनच, ‘भाजणीची’ व ‘तांदळाची’. बोट ठेवताच इतरांचा कौल टक्क्यांत दिसतो, आणि एकदा बोट ठेवलेला माणूस पुढच्या स्टोरीवर थांबण्याचा संभव वाढतो. दुसरीवर क्विझ होते: ‘चकली तेलात विरघळते, कारण?’ येथे ‘मोहन जास्त’ हे बरोबर उत्तर मी आधीच निवडून ठेवले होते. प्रश्नपेटी आली ती तिसऱ्या स्टोरीवर, आणि तिचे शब्द असे होते: ‘तुमची चकली कशी बिघडते? एकच शब्द: मऊ, कडक की तेलकट?’ टंकित करायचा शब्दही मीच हातात दिला होता. चौथ्या स्टोरीवर उपाय होता: चकली मऊ पडत असेल तर ती मोठ्या आचेवर घाईने न काढता तेलातले बुडबुडे शमेपर्यंत मध्यम आचेवर तळावी.

या क्रमात बाकीचे बारकावेही होते, पण ते थोडक्यात सांगते. पेटीत आपोआप येणारे ‘Ask me a question’ हे शब्द तसेच ठेवू नयेत, कारण मग विचारण्याची जबाबदारी वाचकावर पडते. स्टिकर वरच्या टोकाला खात्याच्या नावाखाली वा खाली संदेशाच्या चौकटीलगत चिकटवू नये, आणि कडेला तर मुळीच नाही. कडेला बोट लागले की स्टोरी बदलते आणि उत्तर देऊ इच्छिणारा निघून जातो. पर्यायाचा शब्द लांबला की अक्षरे बारीक होतात आणि आपली जोडाक्षरे प्रथम बळी पडतात. आणि स्टोरी लागल्यावर स्टिकरवरील शब्द दुरुस्त करता येत नाहीत. चूक सापडली तर ती स्टोरी काढून नवी लावावी लागते, व मिळालेली उत्तरे मुकाट्याने सोडावी लागतात. तेव्हा लावण्यापूर्वी मजकूर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, घरातल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचून घ्यावा.

उत्तरे आली, आणि भरपूर आली. बहुतेकांनी एकच शब्द लिहिला, परंतु आपल्याकडे चकलीची गोष्ट एका शब्दात संपत नाही, आणि एका सुनेने लिहिले, “मऊ. म्हणून तुमच्याकडून आणते आणि घरी मीच केली म्हणून सांगते.” हे वाक्य तिने मालकांना विश्वासाने सांगितले होते. पेटीतील उत्तर ‘शेअर’ करण्याच्या ठरलेल्या मार्गाने स्टोरीवर घेतले, तर उत्तर देणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र त्यावर उमटत नाही. मालकाला मात्र आतल्या यादीत दोन्ही दिसतात. या एका व्यवस्थेवर प्रश्नपेटीचा सारा व्यवहार उभा आहे, आणि मी ती मालकांना काम सुरू होतानाच समजावून सांगितली होती.

त्या संध्याकाळी मी खाते उघडले तेव्हा स्टोरीवर आतल्या यादीचा स्क्रीनशॉट झळकत होता. नावे, चेहरे, त्यांखाली उत्तरे, आणि वर ठळक अक्षरांत ‘बघा, किती प्रतिसाद!’ त्या सुनेचे वाक्य तिच्या छायाचित्रासह मधोमध होते. ते वाचताना माझे हात गार पडले, कारण फराळाचे गिऱ्हाईक एका गावातले, एका नात्यागोत्यातले असते. ही स्टोरी तिच्या सासरी कोणीतरी पाहणारच, हे उघड होते. मी तत्काळ फोन केला. मालक म्हणाले, “अहो मॅडम, त्यांनी स्वतःच लिहिलंय ना? आम्ही काय चोरून आणलंय? आणि नावं झाकली तर लोकांना खोटं वाटतं.” स्टोरी त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी काढली, म्हणजे चोवीस तासांनी ती आपोआप जाणारच होती त्याच्या थोडी आधी. तोवर त्या सुनेच्या नणंदेने ती पाहिली होती. सुनेने जाब विचारला तेव्हा मालकांनी तिला कळविले, “प्रश्न बाहेरच्या बाई लिहितात, आम्हाला काही माहीत नाही.”

मी ‘एकच शब्द’ असे लिहिले होते. ज्याने शब्दांऐवजी माणूस दाखवला, त्याने प्रश्नाकडे बोट दाखवावे, हा अन्याय मी विसरलेले नाही.

जे हे काम करतात त्यांनी दोन गोष्टी लेखी ठेवाव्यात. उत्तरांची यादी कोण उघडणार, त्यांपैकी कोणते दाखवायचे हे कोण ठरवणार, आणि यादीचा स्क्रीनशॉट कोणत्याही परिस्थितीत लावला जाणार नाही, हे कलम करारनाम्यात स्पष्ट शब्दांत असावे. तोंडी समजावणीला ऐनवेळी किंमत उरत नाही, हे मी पाहिले. दुसरे म्हणजे, उत्तरे दाखवण्याचा बेत असेल तर पेटीच्या वरच ‘निवडक उत्तरे नावाशिवाय दाखवू’ एवढी ओळ घालावी, म्हणजे मालकाचेही हात बांधले जातात आणि लिहिणाऱ्यालाही काय लिहावे याचा अंदाज येतो. एखादे उत्तर घरगुती किंवा नाजूक वाटले, तर ते स्टोरीवर न घेता उत्तर देणाऱ्याला खासगी संदेशाने उपाय कळवावा. यादीतूनच तशी सोय असते. मेहनतान्याचा काही भाग आगाऊ घ्यावा, हे सर्वच कामांना लागू आहे, तरी सांगून ठेवते.

आणि जे नुसते बोट ठेवतात त्यांनीही हे जाणून असावे की, पोलमध्ये कोणी कोणता पर्याय निवडला हे खातेदाराला नावानिशी दिसते.

त्या गृहउद्योगाच्या स्टोऱ्यांवर यंदाही ‘तुमची चकली कशी बिघडते?’ हा प्रश्न माझ्याच शब्दांत लागला आहे. माझ्या मेहनतान्याचा उरलेला अर्धा भाग मात्र अद्याप मिळालेला नाही.