रिकॉल नोटीस आली? टीमसाठी एका पानात अशी उतरवा

रिकॉल म्हणजे बाजारात गेलेला माल परत मागवणं. अशी नोटीस आली की टीमला तीनच गोष्टी हव्या असतात: कुठला माल, ग्राहकानं काय करायचं आणि कोणाला कळवायचं. आज एक खरी केस घेऊन हे पान कसं लिहायचं ते बघू.

जानेवारी २०२५ मध्ये एफएसएसएआयनं पतंजली फूड्सला लाल तिखटाची एक बॅच परत मागवायला सांगितली. कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. बॅच नंबर होता AJD2400012. कंपनीनं सांगितल्याप्रमाणे २०० ग्रॅमच्या पाकिटांचा हा माल ४ टन होता, म्हणजे साधारण २०,००० पाकिटं.

१. कुठला माल
नाव, वजन आणि बॅच नंबर जसाच्या तसा लिहा. शून्य की ‘ओ’, इथंच घोळ होतो. नुसतं ‘लाल तिखट, २०० ग्रॅम’ लिहिलंत तर चांगला मालही परत येईल. आणखी एक बघा: त्याच मिरचीच्या पोत्यातून दुसरी बॅच दळली होती का? नोटिशीत ती नसेल, कारण तपासणी एकाच बॅचची झालेली असते. ते तुमच्या दळणाच्या नोंदीतच सापडेल.

२. ग्राहकानं काय करायचं
अधिकाऱ्यांचा आदेश कंपनीसाठी असतो, ग्राहकासाठीचं वाक्य आपणच लिहायचं. पतंजलीनं सांगितलं की पाकीट घेतलं तिथे परत द्या आणि पूर्ण पैसे घ्या. त्यात एक ओळ जोडा: ‘वास किंवा चव घेऊन ठरवू नका.’ कीटकनाशकाचा अंश तसा कळत नाही.

३. कोणाला, कधी कळवायचं
२०१७ च्या रिकॉल नियमांनुसार कंपनीनं २४ तासांच्या आत एफएसएसएआयला कळवायचं असतं. पुढे किती माल परत आला, त्याचा अहवाल द्यावा लागतो. परत आलेला माल वेगळा ठेवा. परस्पर फेकू किंवा विकू नका.

आता आकडे मांडू. समजा, मानपाड्यात तुमचं मसाल्याचं युनिट आहे आणि एका बॅचची ५०० पाकिटं निघाली. गोदामात ११०, दुकानदारांकडे २४०, स्टॉलवर थेट विकलेली १५०. दुकानांतून २१५ परत आली, म्हणजे तिथली २५ विकली गेली. हातात ३२५, ग्राहकांच्या घरी १७५. अहवालात हा १७५ चा आकडा स्पष्ट लिहा. स्टॉलच्या बिलावर बॅच नंबर आणि ग्राहकाचा फोन नसेल, तर त्यातल्या १५० जणांपर्यंत पोचणार कसं?

आज आपल्या कुठल्याही एका बॅचची अशी बेरीज करून बघा. जुळली नाही, तर नोंद कुठे तुटते ते लगेच कळेल.