आजारी पिल्लाच्या खरेदीबाबत पैदासकारास पत्र

विकत घेतलेले कुत्र्याचे पिल्लू घरी आणल्यावर चार-दोन दिवसांतच अंथरूण धरते, तेव्हा खरेदीदार व विक्रेता यांच्यात वाद एकाच मुद्द्यावर होतो. पिल्लू विक्रीपूर्वीच रोगग्रस्त होते की नव्या घरी आल्यावर त्यास रोग जडला? तक्रारीच्या पत्राने प्रथम याच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते. संतापाच्या शब्दांनी ते मिळत नाही, तारखांनी मिळते.

पार्व्हो या विषाणूजन्य रोगाचे उदाहरण घेऊ. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर व अस्थिमज्जेवर आघात करतो. पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, उलट्या व रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात आणि शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणून खरेदीनंतर दोनच दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, तर संसर्ग पैदासकाराकडेच झाला असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. दहाव्या दिवशी लक्षणे दिसली, तर मात्र हा युक्तिवाद दुबळा पडतो आणि तसे प्रामाणिकपणे मानणेच बरे.

समजा, तालुक्याच्या गावातील एका शिक्षकाने ५ जानेवारी रोजी १४,००० रुपयांस पिल्लू घेतले. ७ तारखेच्या रात्री उलट्या झाल्या; ८ तारखेस पशुवैद्यकाने विष्ठेची तपासणी करून पार्व्होचे निदान केले. पाच दिवस सलाईन व औषधे देऊन पिल्लू वाचले. खर्च ८,६०० रुपये आला. पावतीवर पिल्लाची जन्मतारीख १४ नोव्हेंबर आहे, म्हणजे विक्रीच्या दिवशी त्याचे वय ५२ दिवस होते. श्वानपैदास व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. हा मुद्दा पावतीतूनच निघतो. त्यासाठी वेगळा साक्षीदार लागत नाही.

पैदासकार बहुधा लसीचे कार्ड पुढे करील. या प्रकरणी २८ डिसेंबरला एक लस दिल्याची नोंद आहे. परंतु आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीचा प्रभाव मोडून काढू शकतात. म्हणूनच सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत लसीच्या मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. एका मात्रेने रोग टळतोच असे नाही. उलटपक्षी, नुकत्याच दिलेल्या लसीमुळेही विष्ठेची तपासणी क्वचित सौम्य होकारार्थी येते. यास्तव पशुवैद्यकाच्या दाखल्यात प्रत्यक्ष लक्षणे व रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्याही नमूद करून घ्यावी.

पत्राचा मजकूर असा असावा :

“आपणाकडून ता. ५ जानेवारी रोजी रु. १४,००० देऊन घेतलेले पिल्लू ता. ७ रोजी आजारी पडले. ता. ८ रोजी पार्व्हो रोगाचे निदान झाले. खरेदी व लक्षणे यांतील दोन दिवसांचे अंतर पाहता संसर्ग विक्रीपूर्वीचा आहे, असे पशुवैद्यकांचे लेखी मत आहे. आपल्या पावतीनुसार विक्रीच्या दिवशी पिल्लाचे वय आठ आठवडे पूर्ण झालेले नव्हते. आपण हे जाणूनबुजून केले असे माझे म्हणणे नाही. पिल्लू मी ठेवून घेत आहे. किंमत परत मागत नाही. मात्र उपचाराचा खर्च रु. ८,६०० पंधरा दिवसांत द्यावा. पावती, दाखला व बिलांच्या प्रती सोबत आहेत. आपल्याकडील इतर पिल्लांची तपासणी करून घ्यावी, ही विनंती.”

मागणी मोजकी आहे, हेच या पत्राचे बळ. पिल्लू ठेवून किंमत व खर्च दोन्ही मागितले असते, तर तडजोडीची वाट अरुंद झाली असती. पिल्लू दगावले असते, तर दोन्ही मागणे रास्त ठरले असते.

‘दुसरे पिल्लू घेऊन जा’ हा पैदासकाराचा नेहमीचा तोडगा मात्र स्वीकारू नये. हा विषाणू जमिनीत व घरात कित्येक महिने तग धरतो. साध्या फिनाइलवर विसंबू नये. एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी असे द्रावण स्वच्छ केलेल्या फरशीवर दहा मिनिटे ओले ठेवावे लागते, आणि मातीच्या अंगणात तेही पुरेसे होत नाही. शिवाय दुसरे पिल्लूही त्याच संसर्गित जागेतून आलेले असते.

पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असले, तरी बिचकण्याचे कारण नाही. सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीत मुदत नसल्यास तीस दिवसांचा अवधी धरला जातो. म्हणून पत्र या अवधीतच स्पीड पोस्टने पाठवून पोहोच जपून ठेवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास खरेदीदारास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही, आणि हेच पत्र तेथे पहिला कागद म्हणून दाखल होते.