वाफेचे भांडे आणि लहान मूल

सर्दीने नाक चोंदले की आपण वाफ घेतो. कोणी पातेल्यात पाणी उकळतात आणि डोक्यावरून पांघरूण घेतात. आता विजेवर चालणारे प्लॅस्टिकचे छोटे यंत्रही मिळते. त्याला व्हेपोरायझर म्हणतात. वाफेने मोठ्या माणसाला घटकाभर मोकळे वाटते, एवढेच. सर्दी तिच्या वेळेनेच जाते.

समजा, एका घरी दीड वर्षाचे पोर सर्दीने हैराण झाले आहे. आजीने पाणी उकळले. पातेले जमिनीवर ठेवले, पोराला मांडीवर घेतले आणि वरून घोंगडी ओढली. इतक्यात नर्सबाई आल्या.

"आजी, आधी पोराला बाहेर काढा बघू."

"का हो बाई? आमची सगळी लेकरं अशाच वाफेवर वाढली."

"घोंगडीत अंधार आहे. वाफ चटकली की पोर लाथा झाडणार. पातेले लवंडले तर पाणी कुठे जाईल? त्याच्या पायांवर आणि तुमच्या मांडीवर."

नर्सबाईंचे खरे होते. उकळते पाणी खाली उतरवून पाव तास झाला, तरी ते भाजण्याइतके गरम राहते. लहान मुलाची कातडी पातळ असते. ती मोठ्यांपेक्षा लवकर आणि खोल भाजते. म्हणून लहान मुलाला वाफ देऊच नये.

"मग पोराचं नाक कसं मोकळं व्हायचं?" आजींनी विचारले.

औषधाच्या दुकानात नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. पाजण्याआधी दोन-दोन थेंब नाकात घालावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. पोर शांत असताना पुरे एक मिनिट त्याचे श्वास मोजावे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, किंवा मूल काही पीतच नसेल, तर तडक दवाखाना गाठावा.

भाजलेच तर पहिले काम पाण्याचे. भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी २० मिनिटे ओतत राहावे. नळ नसेल तर तांब्याने ओतावे. वीस मिनिटे फार लांब वाटतात, म्हणून घड्याळ बघावे. ओले कपडे, वाळे, बांगड्या लगेच काढाव्या, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बाकीचे अंग उबदार झाकावे. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नये. फोड फोडू नये. मग स्वच्छ कापड सैल झाकून मुलाला दवाखान्यात न्यावे. तोंड, हात किंवा लघवीची जागा भाजली असेल, तर १०८ वर फोन करावा.

आता मोठ्यांनी वाफ कशी घ्यावी? पोराला दुसऱ्या खोलीत कोणाच्या तरी हाती द्यावे. यंत्र भिंतीशी टेकलेल्या घट्ट टेबलावर ठेवावे. त्याची वायर लोंबती ठेवू नये. रांगते मूल लोंबते ते ओढते, आणि वरचे पाणी त्याच्या डोक्यावर येते. काही स्वस्त यंत्रांत वीज थेट पाण्यातूनच जाते. तेव्हा प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये, पाण्यात बोट घालू नये. वाफ घेऊन झाली की पाणी तिथेच ठेवून उठू नये. बरेच अपघात या "जरा वेळाने ओततो" मध्येच होतात.

पाणी तसेच राहिल्याचा आणखी एक तोटा आहे. दोन-चार दिवसांनी यंत्राच्या आतून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागेल. झाकणाच्या खाचेत काळे-हिरवे ठिपके दिसतील. ती बुरशी. बोअरच्या पाण्याने आत पांढरा थर धरतो, आणि बुळबुळ त्याला चिकटून राहते. म्हणून यंत्र गार झाले की पाणी ओतून द्यावे, आतून पुसावे आणि झाकण उघडे ठेवून वाळवावे. थर धरला असेल तर प्लग काढलेल्या यंत्रात पांढरा व्हिनेगर आणि तितकेच पाणी घालून अर्धा तास ठेवावे. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावे आणि दोनदा धुवावे. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडर कधी मिसळू नये. विषारी वायू होतो.

शहरातून आलेल्या पाहुण्यांनी कोणाला ह्युमिडिफायर आणून दिलेला असतो. तो बहुधा गार पाण्याचे बारीक तुषार खोलीत सोडतो. त्यात पाणी उकळत नाही, म्हणून भाजण्याची भीती नाही. पण पाण्यात जी घाण असेल, ती तुषारांबरोबर सरळ आपल्या छातीत जाते. त्यात उकळून गार केलेले पाणी रोज नवे घालावे. दर तिसऱ्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे धुवावे. कोरड्या थंडीत त्याचा उपयोग होतो. पावसाळ्यात आपली हवा आधीच ओली असते. खिडकीच्या काचेवर पाणी साचू लागले, भिंतीला कुबट वास आला, तर यंत्र बंद करून खिडकी उघडावी.