जिमच्या शटरला कुलूप लागलं, उरलेल्या महिन्यांचे पैसे मागायचं पत्र

वर्षाची फी एकरकमी भरली की घसघशीत सूट मिळते, म्हणून आपण भरतो. मग एका सकाळी चेन्नईच्या वेलचेरीतल्या त्या शाखेचं शटर खाली असतं आणि त्यावर कागद चिकटवलेला असतो: ‘दुरुस्तीसाठी तात्पुरतं बंद’. आतल्या ट्रेडमिल टेम्पोतून रात्रीच गेल्या, असं शेजारचा चहावाला सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संताप उसळतो, मॅनेजर ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणतो आणि नंतर फोन लागेनासा होतो. या वेळी खरा उपयोग होतो तो नीट लिहिलेल्या एका पत्राचा. उद्या ग्राहक आयोगात जावं लागलं तर तक्रारीचा पाया हेच पत्र असतं. म्हणून ते योग्य माणसाच्या नावानं आणि नेमक्या रकमेचं असायला हवं.

१. त्याच दिवशी पुरावे गोळा करा

शटर, त्यावरचा कागद आणि दुकानाची पाटी एका चौकटीत येईल असा फोटो काढा. जिमच्या अ‍ॅपवरून पावती, सदस्यत्वाची मुदत आणि हजेरीची नोंद लगेच उतरवून घ्या, कारण शाखा बंद झाली की लॉगिनही बंद होऊ शकतं. ग्रुपमधलं संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. अ‍ॅडमिननं तुम्हाला काढून टाकलं तरी ‘परवापर्यंत सुरू होईल’ अशी आश्वासनं तुमच्याकडे शिल्लक राहतील.

२. पैसे नक्की कोणाला दिले ते शोधा

बहुतेकांची चूक इथेच होते. पाटीवर ब्रँडचं नाव असतं, पण शाखा अनेकदा फ्रँचायझीची असते. पैसे भलत्याच नावाच्या फर्मकडे गेलेले असतात आणि ब्रँडला पत्र लिहिलं की ‘ती शाखा आमची नाही’ असं उत्तर येतं.

पावतीवरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक पाहा. तमिळनाडूतल्या नोंदणीचा क्रमांक 33 ने सुरू होतो. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत मालकाचा पॅन असतो. त्यामुळे संपूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर बोलकं ठरतं: P असेल तर मालक एकटी व्यक्ती, F असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, C असेल तर कंपनी. हाच क्रमांक services.gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये टाका. कायदेशीर नाव, मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे तिथे दिसतं. पत्र त्या नावानं, त्या पत्त्यावर लिहा. बंद शाखेच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परतच येणार. पावतीवर किंवा करारावर ब्रँडचं नाव असेल तर दुसरा पत्ता ब्रँडच्या मुख्य कार्यालयाचा घाला.

३. रक्कम दिवसांवर काढा

एक उदाहरण घेऊ. १२ जून २०२५ रोजी १८,००० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २१,२४० रुपये भरले. मुदत १५ जून २०२५ ते १४ जून २०२६. शाखा १८ ऑक्टोबरला बंद झाली. १५ जून ते १७ ऑक्टोबर हे १२५ दिवस वापराचे झाले, उरले २४०.

२१,२४० × २४० ÷ ३६५ = १३,९६६ रुपये.

इथे तीन गोष्टी सांभाळा. पहिली, जीएसटी धरूनच मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा दर ५ टक्के झाला असला, तरी तुम्ही १८ टक्क्यांनी भरला असेल तर परतही त्याच दरानं यायला हवा. दुसरी, ‘बारा महिन्यांवर दोन महिने फ्री’ अशी योजना असेल तर ते महिनेही मुदतीत मोजा, कारण त्याच पैशांत ते मिळायचे होते. वरच्या उदाहरणात मुदत ४२६ दिवसांची धरली तर ३०१ दिवस उरतात आणि रक्कम १५,००८ रुपये होते. तिसरी, वापरलेल्या महिन्यांना बिनसवलतीचा मासिक दर लावून जिमनं हिशेब दिला तर मान्य करू नका. करार मध्येच तुम्ही मोडलेला नाही, त्यामुळे सूट काढून घेण्याचं कारण उरत नाही.

४. पत्र लिहा

पत्र एका पानाचं असावं. चेन्नईत ते इंग्रजीत लिहिणं सोयीचं, पण मजकुराचा साचा हाच ठेवा:

> प्रति, (जीएसटी पोर्टलवरचं कायदेशीर नाव आणि मुख्य पत्ता)
>
> विषय: वेलचेरी शाखा बंद झाल्यामुळे उरलेल्या २४० दिवसांचे १३,९६६ रुपये परत मिळण्याबाबत. सदस्य क्र. …, पावती क्र. …
>
> महोदय,
>
> मी १२ जून २०२५ रोजी वार्षिक सदस्यत्वासाठी जीएसटीसह २१,२४० रुपये भरले. मुदत १५ जून २०२५ ते १४ जून २०२६ होती. १८ ऑक्टोबर २०२५ पासून शाखा बंद आहे. मला आधी लेखी सूचना मिळाली नाही.
>
> मी सदस्यत्व सोडलेलं नाही. सेवा आपण थांबवली आहे. दुसऱ्या शाखेत सदस्यत्व वळवण्यास माझी संमती नाही.
>
> हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत १३,९६६ रुपये माझ्या खाते क्र. … मध्ये जमा करावेत. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे व्याज, भरपाई आणि खर्चासह तक्रार करेन.
>
> सोबत: पावती, हिशेब, फोटो

‘मी सदस्यत्व सोडलेलं नाही’ हे वाक्य वगळू नका. फॉर्मवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतंच. पण ती अट तुम्ही स्वतःहून जाणं बंद केलं तर सांगता येते, जिमनंच दार बंद केलं तर ती पुढे करणं टिकणारं नाही. ३० दिवसांची मुदतही मुद्दाम घातली आहे. त्रुटीपूर्ण सेवेचे पैसे पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, याला २०१९ चा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो.

५. पाठवा आणि पोच जपा

ईमेल करा आणि छापील प्रत स्पीड पोस्टनं पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच सामावलं गेलं, तेव्हा खिडकीवर ‘रजिस्ट्रेशनसह’ असं सांगा. ट्रॅकिंगवर पोचल्याची नोंद दिसली की तिची प्रत काढून ठेवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलं तर ते फोडू नका, तसंच ठेवा.

पैसे कार्डानं भरले असतील तर ३० दिवस थांबू नका. सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅकची मागणी लगेच नोंदवा, कारण त्याची मुदत वेगळी आणि मर्यादित असते. फी हप्त्यांवर असेल तर हप्ते चालू ठेवा. ते कर्ज बँकेचं किंवा वित्तकंपनीचं आहे. थकवलं तर क्रेडिट स्कोअर तुमचा खराब होतो.

६. उत्तर आलं तर

‘मेडवाक्कमच्या शाखेत या’ असं सांगितलं जाईल. जायचं नसेल तर एकदाही जाऊ नका आणि ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही करू नका. तिथली एक हजेरीसुद्धा तुमची संमती म्हणून पुढे केली जाऊ शकते. थोडी रक्कम देऊन ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहून मागितलं, तर उरलेल्या पैशांवर पाणी सोडायचं नसल्यास तेही लिहून देऊ नका.

७. तिसाव्या दिवसानंतर

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. आदेशासाठी जिल्हा आयोगाकडे e-jagriti.gov.in वरून तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील असायलाच हवा असंही नाही. शाखा बंद झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी.

चेन्नईची नोकरी सोडून पुण्याला परतलेल्यांनीही पैसे बुडीत खात्यात टाकू नयेत. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. वेलचेरीच्या जिमला पुण्याच्या जिल्हा आयोगाची नोटीस जाऊ शकते, आणि त्या तक्रारीला जोडलेला पहिला कागद तुमचं हे एक पानी पत्र असेल.